‘चालत नाही’ या तक्रारीचे पहिले उत्तर

संगणक-प्रणालींच्या मदतकक्षांत बसून तक्रारी स्वीकारणाऱ्या सर्व बंधुभगिनींस,



आपल्या दप्तरी जी तक्रार वारंवार दाखल होते ती बहुधा दोनच शब्दांची असते: ‘चालत नाही’. काय चालत नाही, कोणती कृती करताना चालत नाही, पडद्यावर कोणता मजकूर उमटला, प्रणालीची आवृत्ती कोणती, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख तीत नसतो. काम अडले आहे आणि ते लवकर सुटावे, एवढी निकड मात्र तीत स्पष्ट असते. अशी तक्रार हाती पडली की काहीजण ‘तपशील अपुरा’ असा शेरा मारून ती परत पाठवतात, आणि काहीजण, अडलेल्या माणसाला तत्काळ काहीतरी द्यावे या सद्भावनेनेच, उपाय सांगू लागतात: प्रणाली बंद करून पुन्हा सुरू करा, काढून टाकून पुन्हा बसवा, जुनी फाइल पुसून नवी काढा. या दोन्ही रीती मला हानिकारक वाटतात. आणि त्यांच्या जागी पहिल्या उत्तरात काय विचारावे, कोणत्या क्रमाने विचारावे आणि का विचारावे, हे माझ्यासमोर घडलेल्या एका प्रकरणाच्या आधाराने मांडावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

प्रकरण एका सहकारी पतसंस्थेचे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली होती, सूचनापत्रे रवाना करायची होती, आणि त्यासाठी सभासदांच्या नावापत्त्यांची यादी प्रणालीतून काढून छापखान्याकडे द्यायची होती. अशा वेळी संस्थेच्या कार्यालयातील लिपिक बाईंचा निरोप आला: ‘सर, यादी चालत नाही. सभा जवळ आली आहे. कृपया लवकर बघा.’ निरोप एवढाच होता.

हा निरोप वाचून क्षणभर थांबावे आणि त्याचे किती अर्थ संभवतात याचा विचार करावा. यादी काढण्याचे बटण दाबल्यावर काहीच घडत नसेल; यादी निघत असेल पण रिकामी निघत असेल; फाइल तयार होत असेल पण ती कोठे ठेवली गेली ते सापडत नसेल; सापडत असेल पण उघडत नसेल; उघडत असेल पण तीतील मजकूर वाचता येत नसेल; वाचता येत असेल पण छापून येत नसेल; किंवा छापूनही येत असेल, केवळ नावे बाईंना हवी त्या क्रमाने लागत नसतील. या साऱ्या प्रसंगी माणूस प्रामाणिकपणे ‘यादी चालत नाही’ असेच म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नसेल, कारण त्याला यादी हवी आहे आणि ती त्याच्या हाती पडलेली नाही. तो आपल्याला परिणाम सांगत असतो, आणि आपल्याला हवी असते त्या परिणामापूर्वीची हकिकत. ती हकिकत कशी सांगायची हे त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि ते त्याचे कामही नव्हे. ती प्रश्न विचारून काढून घेणे हे आपले काम आहे. म्हणून ‘तपशील अपुरा’ हा शेरा मारून तक्रार परत करणे मला कर्तव्यच्युती वाटते. कोणता तपशील हवा, हे न सांगता तपशील मागितला, तर बाईंच्या हाती ‘खरंच चालत नाही हो’ असे पुन्हा लिहिण्यावाचून दुसरे काय उरते?

उपाय आधी सांगण्याची रीत तर याहून घातक आहे. घटनास्थळी गेलेला अधिकारी एकाही वस्तूला हात लावण्यापूर्वी पंचनामा करतो, तो अशासाठी की वस्तू हलली की तिची साक्ष संपते. या पतसंस्थेत ‘जुनी फाइल पुसा, प्रणाली नव्याने बसवा’ असे कोणी सांगितले असते, आणि बसवताना हाताशी असलेली जुनी आवृत्ती बसली असती, तर यादी खरोखरच सुधारली असती. मग तक्रार निकालात निघाल्याची नोंद झाली असती, आणि कारण काय होते ते कोणालाच न कळल्यामुळे पुढील अद्ययावतीकरणानंतर तोच दोष पुन्हा उद्भवला असता. तसे का झाले असते, ते पुढे येईलच.

त्या दिवशी मदतकक्षातून जे उत्तर गेले ते असे होते: ‘नमस्कार मॅडम. आपली तक्रार मिळाली. सभेच्या आधी हे काम मार्गी लावू. तूर्त ती फाइल पुसू नका, आणि पुन्हा सेव्हही करू नका. आत्ता पडद्यावर जे दिसते आहे त्याचा, सगळा पडदा येईल असा, एक फोटो काढून पाठवा. सभासदांचे फोन नंबर आणि शिलकीचे रकाने झाकले तरी चालेल.’ या उत्तरात प्रश्न एकच आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. दहा प्रश्नांची छापील यादी पाठवली तर अडलेला माणूस तीतील सोप्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो आणि बाकीचे सोडून देतो, आणि नेमका हवा तो प्रश्नच राहून जातो. शिवाय ‘काय बिघडले आहे असे आपणास वाटते?’ असे येथे विचारलेले नाही. पाहिलेले मागितले आहे, अनुमान मागितलेले नाही. पुटी या प्रसिद्ध प्रणालीचे कर्ते सायमन टॅथम यांनी 1999 साली दोष कसा कळवावा याविषयी जो निबंध लिहिला, त्यातही मुख्य आग्रह हाच आहे, की प्रणाली कशी फसते ते तिच्या लेखकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे, आणि तसे शक्य नसेल तर निदान काय पाहिले ते जसेच्या तसे त्याच्यापर्यंत पोचले पाहिजे.

बाईंनी फोटो पाठवला, आणि सोबत लिहिले: ‘नावांच्या जागी काहीतरी इंग्रजीसारखे येते आहे.’ केवळ हे वाक्यच आले असते तर ते फारसे उपयोगी पडले नसते. फोटोत मात्र ‘पाटील’ या आडनावाच्या जागी पुढील मजकूर स्पष्ट वाचता येत होता:

```
à¤ªà¤¾à¤Ÿà¥€à¤²
```

जाणकाराला एवढ्या एका ओळीवरून निदान करता येते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइटांनी लिहिले जाते. त्यांतील पहिला बाइट नेहमी `E0` असतो आणि दुसरा `A4` किंवा `A5` असतो. हे बाइट एखाद्या प्रणालीने पश्चिम युरोपीय भाषांसाठी असलेल्या जुन्या विंडोज-१२५२ संकेताप्रमाणे वाचले, तर `E0` चा `à` होतो, `A4` चा `¤` आणि `A5` चा `¥`. म्हणून ज्या मजकुरात दर तिसऱ्या जागी `à` येतो आणि त्यामागोमाग यांपैकी एक खूण लागते, तो मजकूर बिघडलेला नसून केवळ चुकीच्या संकेताने वाचला गेला आहे, असे निःशंक म्हणता येते. ‘पाटील’ मध्ये प, काना, ट, दीर्घ वेलांटी आणि ल अशी पाच चिन्हे आहेत. वरच्या ओळीतही `à` पाच वेळा आला आहे. फाइल शाबूत होती. दोष उघडण्याच्या रीतीत होता.

येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण पडद्यावरचा नेमका मजकूर का मागावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. मराठी मजकूर ‘दिसत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारी वरकरणी सारख्याच वाटतात, पण पडद्यावर ‘पाटील’ च्या जागी काय दिसते त्यानुसार त्यांची कारणे अगदी निराळी निघतात. वरीलप्रमाणे `à¤` ची माळ दिसली तर संकेत चुकीचा वाचला गेला, आणि योग्य संकेत सांगताच मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. त्या जागी `?????` अशी पाच प्रश्नचिन्हे असतील, तर प्रकार गंभीर आहे: कोणीतरी मराठी मजकूर अशा संकेतात जतन केला आहे की ज्यात देवनागरीला जागाच नाही, आणि प्रत्येक चिन्हाच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह कायमचे लिहिले गेले आहे; एक्सेलमध्ये अचूक दिसणारी यादी साध्या `CSV (Comma delimited)` प्रकारात सेव्ह केली की बहुधा हेच होते, आणि मग त्या फाइलमधून नावे परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, ती मूळ नोंदींमधूनच पुन्हा काढावी लागतात. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मजकूर सुखरूप आहे, त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट मात्र नाही. आणि `ikVhy` असे साधे रोमन अक्षरांचे शब्द दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये लिहिलेलाच नाही. तो कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टसाठी टंकलेला आहे, आणि त्याला संकेत बदलणे नव्हे तर रूपांतर हवे. बाईंचे ‘काहीतरी इंग्रजीसारखे’ हे वर्णन यांपैकी पहिल्याला आणि शेवटच्याला सारखेच लागू पडते, आणि त्या दोहोंचे उपाय मात्र एकमेकांच्या काहीच उपयोगाचे नाहीत. म्हणून एररचा मजकूर शब्दशः मागावा. ‘काहीतरी एरर आली होती, मी ओके केले’ असे कोणी सांगितले, तर रागावू नये. ‘तीच कृती पुन्हा करा, आणि चौकट आली की ती बंद करण्याआधी फोटो काढा’ असे सांगावे.

आता निदान झाले होते, पण कारण कळले नव्हते. आणि येथेच पुष्कळ जण समाधान मानून थांबतात. दुसऱ्या निरोपात बाईंना विचारले: ‘प्रणालीतले पहिले बटण दाबल्यापासून यादी डोळ्यांसमोर येईपर्यंत काय काय केले, ते क्रमाने लिहाल का? आणि शेवटी काय दिसायला हवे होते?’ या प्रश्नाचा उत्तरार्ध सहसा कोणी विचारत नाही, तो अनावश्यक वाटतो म्हणून. परंतु अपेक्षा विचारली नाही तर काही तक्रारींत दोष नसून गैरसमज आहे, हे कधीच उघड होत नाही. बाईंनी लिहिले, की ‘सभासद’ या विभागात जाऊन ‘यादी काढा’ हे बटण दाबले, फाइल डाउनलोड झाली, तिच्यावर दोनदा क्लिक केले, एक्सेल उघडले. नावे गेल्या वर्षीसारखी मराठीत यायला हवी होती. आणि पुढे त्यांनी स्वतःहून एक वाक्य जोडले: ‘शाखेतल्या संगणकावर हीच यादी नीट दिसते.’

असे वाक्य मिळाले की पुष्कळदा लगेच निष्कर्ष काढला जातो, की मुख्य कार्यालयाचा संगणकच बिघडला आहे. तसे करू नये. दोन ठिकाणी फरक दिसला, तर दोन्ही ठिकाणच्या कृती ओळीने शेजारी मांडून पाहाव्यात. शाखेतील तरुण लिपिकाला तोच प्रश्न विचारल्यावर समजले, की तो फाइलवर दोनदा क्लिक करत नाही. आधी एक्सेल उघडतो, `Data` मधील `From Text/CSV` निवडतो, आणि `File Origin` या ठिकाणी `65001: Unicode (UTF-8)` आहे की नाही ते पाहून मग यादी आत घेतो. ही सवय त्याला पूर्वीच्या एका नोकरीत लागली होती. अर्थात संगणक दोन्ही निर्दोष होते. फरक पायऱ्यांचा होता. हेच या प्रकरणाचे मर्म आहे, आणि पायऱ्या विचारल्या नसत्या तर मुख्य कार्यालयाचा संगणक दुरुस्तीला गेला असता.

तेवढ्यात बाईंना तात्पुरता मार्ग सांगता आला, त्याच पायऱ्यांनी त्यांनी यादी उघडली आणि नावे मराठीत आली. सूचनापत्रांचे काम सुरू झाले. पण गेल्या वर्षी दोनदा क्लिक करूनही नावे नीट येत होती, हे त्यांनी सांगितलेच होते. मग यंदाच काय बदलले? येथे तिसरा प्रश्न आला: प्रणालीची आवृत्ती कोणती, आणि ही यादी नीट निघाल्याचे शेवटचे कधी आठवते? आवृत्ती विचारताना ‘अद्ययावत आहे का?’ असे कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो, लेटेस्टच आहे’ असे येते, आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्याच्या समजुतीपलीकडे काहीच नसतो. क्रमांक मागावा, आणि तो कोठे लिहिलेला असतो तेही सांगावे: ‘वरच्या पट्टीत उजवीकडे “मदत” आहे, त्यात “प्रणालीविषयी” उघडा, तेथे जो आकडा आहे तो टिंबांसकट लिहून पाठवा.’ विंडोजची आवृत्ती हवी असेल तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि `R` एकदम दाबून `winver` असे टंकून एंटर दाबायला सांगावे. आकडे आपोआप समोर येतात.

आलेला आकडा त्या प्रणालीच्या नुकत्याच निघालेल्या आवृत्तीचा होता. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती अशी दोन टोके हाती आली की शोधाचे क्षेत्र फार आकुंचित होते. त्यांच्यामध्ये समजा 64 बदल झाले असतील, तर मधोमध चाचणी करत गेल्यास सहा चाचण्यांत दोषाचा बदल सापडतो. येथे तेवढेही करावे लागले नाही, कारण बदलांच्या नोंदीतच तो लिहिलेला होता. जुन्या आवृत्तीत यादी लिहिताना अशी ओळ होती:

```python
open("yadi.csv", "w", encoding="utf-8-sig", newline="")
```

नव्या आवृत्तीत `utf-8-sig` च्या जागी केवळ `utf-8` आले होते. जुन्या रीतीत फाइलच्या अगदी आरंभी `EF BB BF` हे तीन बाइट लिहिले जात. ते वाचणाऱ्याला दिसत नाहीत, पण दोनदा क्लिक करून उघडताना एक्सेल त्यांच्यावरूनच ओळखते की हा मजकूर यूटीएफ-८ आहे. ते नसले की विंडोजवरील एक्सेल बहुधा संगणकाचा जुना, स्थानिक संकेत गृहीत धरते, आणि `à¤` ची माळ समोर येते. प्रणालीच्या लेखकांना हा दोष चाचणीत दिसला नव्हता, कारण ते लिबरऑफिस वापरत होते, आणि लिबरऑफिस अशी फाइल उघडण्यापूर्वी संकेत कोणता ते एका चौकटीत दाखवून पुष्टी मागते.

ते तीन बाइट त्यांनी का काढले, हाही प्रश्न विचारला गेला, आणि त्याचे उत्तर समाधानकारक होते. संस्थेच्या लेखापरीक्षकांकडील दुसऱ्या प्रणालीत हीच यादी भरली जात असे, आणि तेथे ‘क्रमांक हा रकाना सापडत नाही’ अशी अडचण येत होती. कारण ते अदृश्य बाइट पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटून वाचले जात, आणि दिसायला ‘क्रमांक’ असलेला शब्द त्या प्रणालीच्या लेखी निराळाच ठरत असे. ती तक्रार रकान्याच्या नावासह नीट लिहून आली होती आणि तिचे निवारण नीट झाले होते. त्या निवारणाचा आघात लिपिक बाईंच्या यादीवर झाला. जुनी आवृत्ती पुन्हा बसवली असती तर यादी सुधारली असती, असे मी वर म्हटले ते यामुळेच, पण तेव्हा लेखापरीक्षकांचे काम पुन्हा अडले असते. अखेर ‘यादी काढा’ या बटणाखाली दोन पर्याय देण्यात आले, एक एक्सेलसाठी, त्या तीन बाइटांसह, आणि एक इतर प्रणालींना देण्यासाठी, त्यांच्याविना. दोन्ही पक्षांचे काम सुरळीत झाले.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जो दोष कधी होतो आणि कधी होत नाही, त्याला पायऱ्या सापडत नाहीत. तेथे घड्याळातील वेळ मागावी, म्हणजे त्या वेळच्या लॉगमधील नोंदी पाहता येतात, आणि त्या क्षणी आणखी कोण काम करत होते ते विचारावे. आणि दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी सभासदांची खरी फाइल कधीही मागू नये. खोटी नावे असलेल्या दोन ओळींची फाइल पुरते, आणि तिच्यातही दोष दिसत असेल तर तोच उत्तम पुरावा होय. पतसंस्थेच्या सभासदांची नावे, पत्ते आणि शिल्लक आपल्या व्हॉट्सॲपवर साठत राहणे हा दोषाहून मोठा अपराध आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या हाती तक्रार-अर्जाचा नमुना ठरवण्याचा अधिकार आहे, त्यांना माझी अशी विनंती आहे, की ‘समस्या’ या एकाच मोठ्या रकान्याच्या जागी तीन रकाने ठेवावेत: आपण काय केले, काय दिसायला हवे होते, आणि प्रत्यक्ष काय दिसले. आवृत्तीचा आकडा मात्र लिहायला लावू नये, तो अर्जात प्रणालीनेच भरावा, कारण तिला तो ठाऊक असतो. ज्यांच्या हाती एवढा अधिकार नाही, त्यांनी उद्या येणाऱ्या पहिल्या ‘चालत नाही’ ला कोणताही उपाय न सुचवता, फाइल तशीच ठेवायला सांगून, पडद्याचा एक फोटो तेवढा मागावा.

आपला नम्र,
प्रणालींच्या तक्रारी वाचण्याचे काम करणारा एक सहकारी